एकच रसायन, चार पोत

व्हिस्कोस, मोडाल, लायोसेल आणि कापूस हे चारही धागे रासायनिक दृष्ट्या एकाच पदार्थाचे, म्हणजे सेल्युलोजचे असतात. तरीही त्यांची कापडे हाताला आणि डोळ्यांना वेगवेगळी वाटतात, कारण तंतूचा आकार आणि आतील रेणूंची मांडणी प्रत्येकात निराळी असते. कपड्याच्या वर्णनातले 'झुळझुळीत', 'तलम', 'कडक' असे शब्द याच फरकातून आलेले आहेत.

कापूस बोंडातून तयार तंतू म्हणूनच मिळतो. बाकीच्या तिघांचे तंतू लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात ओढले जातात. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी 1892 मध्ये पेटंट घेतलेल्या व्हिस्कोस पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडच्या साहाय्याने लगद्याचे मधासारखे दाट द्रावण करतात आणि बारीक छिद्रांतून ते आम्लात सोडतात. मोडाल ही याच पद्धतीची सुधारलेली आवृत्ती आहे. लायोसेलसाठी लगदा थेट एका सेंद्रिय द्रावकात विरघळवतात आणि तो द्रावक जवळजवळ पूर्णपणे परत मिळवून पुन्हा वापरतात. भारतीय बाजारात 'रेयॉन कुर्ती' म्हणून जे विकले जाते, ते बहुधा व्हिस्कोसच असते.

कापड कसे पडते, हे मोजताही येते. 30 सेंटिमीटर व्यासाचा कापडाचा गोल 18 सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर ठेवला की बाहेरची कड खाली लोंबते. प्रकाश टाकून तिची सावली मोजतात. ताठ कापडाची सावली मोठी पडते, तर झुळझुळीत कापड आत वळून बऱ्याच चुण्या पाडते आणि सावली लहान होते.

एकाच मापाचा घेरदार कुर्ता साधारण सारख्याच वजनाच्या, साध्या विणीच्या चार कापडांतून शिवला, तर फरक लगेच दिसतो. सुती कुर्त्याचा घेर अंगापासून थोडा दूर राहतो. कापसाचा तंतू चपट्या, पीळ खाल्लेल्या फितीसारखा असल्याने धाग्यात हवा आणि थोडा खडबडीतपणा राहतो. त्यामुळे इस्त्रीची घडी ठळक बसते आणि प्रकाश विखुरल्याने कापड मंद दिसते. कॉस्टिक सोड्यात ताण देऊन मर्सराइज केले, की तंतू फुगून गोलसर होतो आणि त्याला चकाकी येते.

व्हिस्कोसचा घेर सरळ खाली ओघळतो आणि चालताना हलतो. तंतू लांबीभर गुळगुळीत असल्याने स्पर्श सुळसुळीत व थंड लागतो, तसेच रंगही गडद आणि उजळ बसतो. ही चमक नको असेल, तर कारखान्यात द्रावणातच टायटॅनियम डायऑक्साइड मिसळतात. मात्र भिजल्यावर व्हिस्कोसची निम्म्याच्या आसपास ताकद जाते, उलट कापूस ओला असताना अधिक बळकट होतो. म्हणून दुकानात सुरेख पडणारा व्हिस्कोसचा कुर्ता पिळून, टांगून वाळवला, की कुठे आटतो आणि कुठे ओघळतो. तो चटकन चुरगळतोही.

मोडालमध्ये नेमकी हीच उणीव कमी केलेली असते. ओला असतानाही तंतू बराच टिकाव धरतो, त्यामुळे कापड कमी आटते आणि अनेक धुण्यांनंतरही मऊपणा राहतो. म्हणूनच तो टी-शर्ट, अंतर्वस्त्रे, रात्रीचे कपडे अशा विणून केलेल्या, म्हणजे होजिअरीच्या कापडांत अधिक आढळतो. तो अंगालगत मऊसूत बसतो, पण ताठ कॉलर किंवा उभा घेर त्याच्याकडून अपेक्षित धरू नये.

लायोसेलचा तंतू गोल, गुळगुळीत आणि चौघांत वेगळेपणाने बळकट असतो. त्याचा कुर्ता ओघळतो, पण व्हिस्कोसइतका ढिला पडत नाही. ओल्या अवस्थेत घर्षण झाले, की तंतूच्या पृष्ठभागावरून सूक्ष्म केस सुटतात. कारखान्यात हे नियंत्रित रीतीने घडवून पीचच्या सालीसारखी मखमली लव आणतात. घरी जोरात घासून धुतल्यास तेच केस गडद रंगावर पांढुरकी झाक आणतात.

एवढे असूनही तंतूचे नाव म्हणजे पूर्ण वर्णन नव्हे. सुती मलमल व्हिस्कोसच्या जाड कापडापेक्षा अधिक झुळझुळीत पडते, कारण वजन, धाग्याचा पीळ आणि वीणही तितकीच निर्णायक असते. वर्णन वाचताना तंतूसोबत प्रति चौरस मीटर वजन आणि वीण पाहावी. त्याशिवाय 'सुंदर पडते' या शब्दांवरून कुर्ता प्रत्यक्षात कसा दिसेल, हे ठरवता येत नाही.