रात्रीची टिपणं, सकाळचा अहवाल

नाइट ड्यूटीवरच्या सिस्टरच्या हातात घटना घडताना वेळ नसतो, म्हणून ती तुटक टिपणं ठेवते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

- 2.40 बेड 14, घाम, बडबड. शुगर 52
- ग्लुकोज 15 ग्रॅम, तोंडाने
- 2.45 डॉक्टरांना फोन. सकाळचं इन्सुलिन थांबवा
- 3.00 शुगर 66, ग्लुकोज परत
- 3.15 शुगर 104, दूध-बिस्किटं
- रात्री जेवण अर्धी पोळी. इन्सुलिन 20, 7.45 ला
- 6.00 शुगर 132. पेशंट ठीक

सकाळी याचाच औपचारिक हँडओव्हर अहवाल होतो:

‘बेड 14 वरील 62 वर्षांचे मधुमेही रुग्ण रात्री 2.40 वाजता घामाघूम व असंबद्ध बोलताना आढळले. शुगर 52 होती. त्यांना संध्याकाळी 7.45 वाजता मिश्र इन्सुलिनचे 20 युनिट दिले होते. जेवणात त्यांनी अर्धी पोळी खाल्ली होती. ते शुद्धीवर होते व गिळू शकत होते, म्हणून 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजले. 2.45 वाजता ड्यूटी डॉक्टरांना फोनवर कळवले. 3.00 वाजता शुगर 66 आल्याने तेवढेच ग्लुकोज पुन्हा दिले. 3.15 वाजता ती 104 झाल्यावर दूध-बिस्किटे दिली. 6.00 वाजता शुगर 132. रुग्ण स्वतःचे नाव व ठिकाण बरोबर सांगतात. डॉक्टरांनी तपासेपर्यंत सकाळचे इन्सुलिन देऊ नये, असा त्यांचा तोंडी आदेश आहे. त्यावर त्यांची सही बाकी आहे.’

टिपणात शेवटी आठवलेलं जेवण आणि इन्सुलिन अहवालात घटनेच्या शेजारी आलं. मिश्र इन्सुलिनचा जोर काही तासांनीही टिकतो, त्यामुळे वाचणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही एकत्र दिसायला हवं. पण ‘कमी जेवल्यामुळे शुगर उतरली’ असं सिस्टरने लिहिलेलं नाही. तो निष्कर्ष डॉक्टरांचा. कदाचित डोसच जास्त असेल. परिच्छेद लिहिताना वाक्यं जोडायला ‘त्यामुळे’ सहज येतो आणि खरी चूक तिथेच होते.

अहवालातला ‘म्हणून’ मात्र योग्य आहे, कारण तो सिस्टरच्या स्वतःच्या निर्णयाचं कारण सांगतो. बेशुद्ध माणसाला तोंडाने काही पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा वेळी ग्लुकोज शिरेतून द्यावं लागतं. ‘गिळू शकत होते’ हे टिपणात नव्हतं. सिस्टरने ते पाहिलं होतं, म्हणूनच तिला ते लिहिता आलं. दुसऱ्या कुणी टिपणावरून अहवाल तयार केला असता, तर तिला विचारल्याशिवाय हे शब्द घालता आले नसते.

‘पेशंट ठीक’ हे मत होतं. त्याच्या जागी आता प्रत्यक्ष खूण आली, जी सकाळची सिस्टर बेडपाशी जाऊन स्वतः पडताळू शकते.

अहवालाची शेवटची दोन वाक्यं सर्वांत निकडीची आहेत. सकाळचं इन्सुलिन नाश्त्याआधी द्यायची वेळ होते, म्हणून ती लिहून न थांबता बेडपाशी तोंडीही सांगावीत आणि समोरच्या सिस्टरकडून परत म्हणवून घ्यावीत.