सुट्टीआधी एक पिशवी

'भव्य रक्तदान शिबिर' आणि खाली टपकणारा लाल थेंब! कॉलेजच्या फाटकावरचा हा फलक पहिल्यांदाच रक्त देणाऱ्याला आधी सुईच दाखवतो. आजच का यायचं, हे मात्र सांगत नाही.

एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद होतात, शिबिरं घटतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच. म्हणून 'सुट्टीआधी एक पिशवी' हे नाव चपखल बसतं. 'सुट्टीआधी'त घाई आहे. 'एक पिशवी' म्हणजे बहुधा ३५० मिलिलिटर, एवढंच.

पण 'रक्तदान' शब्द लपवू नये, नाहीतर मुलं उपाशीपोटी येतात. खालची ओळ अशी: 'रक्तदान, शनिवारी दहा ते दोन. नाश्ता करून या.'

'खरे हिरो' टाळावं. हिमोग्लोबिन १२.५च्या खाली भरलं की परत पाठवतात. त्या मुलीला ते नाव टोचतं.