बीएस्सी अ‍ॅग्री झालं, पुढे काय?

राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात शेवटच्या वर्षाला एमपीएससीची पुस्तकं दिसतातच. कृषी सेवेच्या जागा मोजक्या, जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. त्यामुळे बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याची परीक्षाही सोबत द्यावी. संशोधनाची वाट लांब आहे: एमएस्सी, मग नेट आणि बहुधा पीएचडी. तोवर घरून तगादा नको. बियाणं-औषध कंपन्यांत पगार लगेच सुरू होतो, पण विक्रीचं टार्गेट डोक्यावर असतं.

राहिला स्वतःचा धंदा. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी आता कृषी किंवा संबंधित विषयाचं शिक्षण लागतं, म्हणून पदवीधराला कृषी सेवा केंद्र सोयीचं. बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे. केंद्राच्या अ‍ॅग्री-क्लिनिक योजनेत 45 दिवसांचं प्रशिक्षण मिळतं आणि बँक कर्जाला अनुदान जोडलेलं असतं.

दुकान अडतं ते उधारीवर. समजा, जूनमध्ये 5 लाखांचा माल भरला आणि 3 लाखांचा उधार गेला. वसुली सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आसपास. वितरक मात्र त्याआधीच पैसे मागतो. पाऊस दगा देतो तेव्हा वसुली पुढच्या हंगामावर जाते, आणि न खपलेल्या औषधाची मुदत संपत राहते. माझ्या मते वर्षभर दुसऱ्याच्या दुकानात काम करून उधारीची वही वाचायला शिकावं, मगच परवान्याचा अर्ज भरावा.