जाड कापड म्हणजे टिकाऊ कापड?

जूनच्या तोंडावर गणवेशाचं कापड घ्यायला गेलं की दुकानदार ते चिमटीत धरून सांगतो, "जीएसएम बघा, वर्षभर फाटायचं नाही!" जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ते किती टिकेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ५८ इंच, म्हणजे १.४७ मीटर पन्ह्याचं मीटरभर कापड १७७ ग्रॅम भरलं, तर १७७ भागिले १.४७, सुमारे १२० जीएसएम. शर्टाला एवढं पुरे. पण हे वजन सगळं सुताचंच असतं असं नाही. हलक्या कापडाला भरपूर खळ देऊन ते जाड आणि कडक केलेलं असतं. म्हणून एक कोपरा दोन्ही हातांनी खसखसून चोळावा. पांढरी भुकटी पडली आणि कापड लुळं, विरळ झालं, तर पहिल्याच धुण्यात जीएसएम उतरणार.

लेबलवरच्या ६७:३३ बद्दलही दोन टोकाची मतं ऐकू येतात. हे टेरिकॉटचं नेहमीचं प्रमाण: ६७ टक्के पॉलिस्टर, ३३ टक्के सूत. पॉलिस्टर म्हणजे फसवणूक, असं काहींना वाटतं. खरं तर शर्ट लवकर वाळतो, कमी चुरगळतो आणि जास्त दिवस टिकतो तो त्याच्याचमुळे. अडचण घामाची आहे. शंभर ग्रॅम कोरडं सूत हवेतली आठेक ग्रॅम ओल धरतं, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. कोकणातल्या दमट उन्हात हा फरक पाठीला कळतो. तिथे मी सुताचं प्रमाण जास्त असलेलंच कापड घेईन, इस्त्री वाढली तरी चालेल. कॉलरवर गोळे आले की कापड कच्चं निघालं म्हणतात, तेही अर्धवट खरं. सुती तंतूंचे गोळे झिजून गळून पडतात. पॉलिस्टरचा तंतू चिवट, तो गोळ्याला सोडत नाही.

पँटचं कापड निवडताना वीण पाहावी. तिरप्या रेषा दिसल्या तर ती ट्विल. या विणीत धागे एकमेकांना कमी वेळा ओलांडतात, त्यामुळे ते जास्त दाटीने बसवता येतात आणि जाड कापडही अंगावर ताठ राहत नाही. मात्र ट्विल असूनही कापड उजेडासमोर धरल्यावर चाळणीसारखं दिसलं, तर गुडघे लवकर जाणार.

राहता राहिलं दप्तर. "६०० डेनियर" म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन ६०० ग्रॅम. हे धाग्याच्या जाडीचं माप. ४२० डेनियरचं चांगलं नायलॉन घासाघाशीत ६०० डेनियरच्या साध्या पॉलिस्टरला मागे टाकू शकतं. शिवाय दप्तर बहुतेकदा कापडात फाटतच नाही, पट्ट्याच्या शिवणीत उसवतं. पट्टा जिथे पाठीला जोडलाय तिथे चौकोनात फुलीची शिवण आहे का, ते आधी बघा.