लाल फेटेवाले काका कुठे गेले?

वाईजवळच्या एका गावात आम्ही आठवडी बाजाराचा प्रसंग चित्रित करत होतो. नायिका माहेरी आलेली, बांगड्यांच्या दुकानापाशी तिला भाऊ भेटतो आणि उभ्या उभ्या दोघांचं बोलणं होतं. पडद्यावर सव्वा मिनिटाचा मामला. मागे साठ माणसांचा बाजार, आणि तो बाजार सांभाळायचं काम माझ्याकडे, म्हणजे सहायक दिग्दर्शकाकडे. जेवणानंतर नायिकेचा क्लोजअप लागला. पहिला टेक झाला आणि कंटिन्युइटी पाहणाऱ्या मुलीने विचारलं, ‘‘दादा, लाल फेटेवाले काका कुठे गेले?’’

काका दुपारच्या एसटीने घरी गेले होते.

एका माणसाने एवढं काय अडतं, असं कुणालाही वाटेल. पण एकच प्रसंग आधी लांबून, मग नायिकेच्या बाजूने, मग भावाच्या बाजूने असा तुकड्यातुकड्यांनी घेतात आणि संकलक ते तुकडे जोडतो. सकाळच्या लाँग शॉटमध्ये नायिका ‘‘आई कशी आहे?’’ म्हणते, त्याच क्षणी तिच्या मागून लाल फेटा डावीकडून उजवीकडे जातो. क्लोजअपमध्ये त्याच वाक्याला तो दिसला नाही, तर संकलकाला तिथे कट मारता येत नाही. मारलाच, तर माणूस अर्ध्या वाटेत गायब होतो. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण त्याचं लक्ष संवादावरून उडतं.

गर्दी म्हटली की लोकांना ‘गांधी’ आठवतो. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी गांधीजींच्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत केलं. सुमारे ३ लाख माणसं जमली होती आणि ११ कॅमेरा पथकं एकाच वेळी काम करत होती. एवढी माणसं जागेवर आणणं हे अचाट काम होतं, यात वाद नाही. पण तशी गर्दी पुन्हा मागे नेऊन दुसरा टेक घेता येत नाही. जे घडतं ते सगळे कॅमेरे एकदाच टिपतात. आमच्या साठ माणसांना तोच बाजार सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस वेळा, जसाच्या तसा भरवायचा होता. माझ्या मते ते जास्त अवघड.

त्याची तयारी सकाळच्या सूचनांपासून होते. साठ जणांसमोर उभं राहून ‘‘बाजारात वावरता तसं वावरा’’ असं सांगितलं की हमखास दोन गोष्टी घडतात. निम्मे जण नुसते उभे राहतात आणि उरलेले कॅमेऱ्यासमोरून फेऱ्या मारतात. म्हणून आम्ही पंधरा-पंधराचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला एक सहायक दिला. मग प्रत्येकाला एकच काम दिलं, तेही सुरुवात आणि शेवटासकट. ‘‘मावशी, तुम्ही माठ वाजवून बघताय. हा चिरका वाटतो, दुसरा उचलता. भाव पटत नाही, उठून निघता.’’ कधी उठायचं? मनात दहा आकडे मोजून नव्हे, कारण नट प्रत्येक टेकला त्याच वेगाने बोलत नाही. खूण द्यायची ती संवादाची. भाऊ ‘‘कधी आलीस?’’ म्हणाला की मावशी उठणार, नायिकेने आईचं विचारलं की फेटेवाले काका निघणार. जे लांब आहेत, ज्यांना संवाद ऐकू येत नाही, त्यांना कॅमेऱ्याआड उभा असलेला सहायक हाताने इशारा करतो.

मुंबईहून येणाऱ्या ज्युनियर आर्टिस्टना हे नव्याने सांगावं लागत नाही. ‘पासिंग द्या’ म्हटलं की कुठून निघून कुठे जायचं एवढंच ते विचारतात. गावकऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या हातात खरा बाजार असतो. भाजी निवडायची ती लकब शिकवून येत नाही. पण नायिका दिसली की पावलं आपोआप तिच्याकडे वळतात आणि नजर कॅमेऱ्यात जाते. म्हणून चित्रीकरणाआधी त्यांना तिला डोळे भरून पाहू द्यावं, कॅमेराही जवळून दाखवावा. उत्सुकता फिटली की काम सोपं होतं. मुलांना त्यांच्या आयांजवळच ठेवावं.

‘अ‍ॅक्शन’ म्हटल्यावर सगळा बाजार एकदम हलला, तर पडद्यावर शाळा सुटल्यासारखं दिसतं. यावर उपाय साधा आहे. आधी मागच्या गर्दीला सुरुवात करायला सांगायचं, दोन-तीन सेकंद बाजार चालू द्यायचा आणि मगच नटांना अ‍ॅक्शन द्यायची. मी मॉनिटरवर एक टेक नटांकडे अजिबात न बघता, फक्त चौकटीच्या कडा पाहत काढतो. डाव्या कडेने चौघे आत आले आणि उजवीकडून कुणीच गेलं नाही, हे तेव्हाच कळतं.

आवाजाची आणखी एक अट असते. संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित होत असतील, तर मागच्यांनी फक्त ओठ हलवायचे. मावशी भावावरून भांडतात, पण मुक्याने. मुक्याने भांडताना माणसं हातवारे वाढवतात, तेही आवरावे लागतात. आमचं दुकान बांगड्यांचं. काचेची किणकिण थेट नायिकेच्या वाक्यावर येत होती. मग मागच्या गिऱ्हाइकांच्या हाती प्लास्टिकच्या बांगड्या दिल्या आणि पैंजण उतरवून ठेवायला सांगितले. संवाद संपल्यावर दोन मिनिटं साऱ्या बाजाराला मनसोक्त ओरडू दिलं आणि तो कल्ला वेगळा ध्वनिमुद्रित केला. पडद्यावर ऐकू येतो तो हाच.

टेक संपला की प्रत्येकाने आपल्या पहिल्या जागेवर परत जायचं, माठ खाली, टोपली त्याच कमरेवर. इथेच सगळं घसरतं. थकलेला हात टोपली बदलतो, उन्हाने टोपी उतरते, प्लेटमधली भजी टेकागणिक कमी होतात. भज्यांची प्लेट आम्ही दर टेकला पुन्हा भरतो. बाकीच्यासाठी शॉट लागला की आणि जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येक गटाचे मोबाइलवर फोटो काढतो. जेवून आल्यावर ते फोटो पाहूनच माणसं उभी करायची, आठवणीवर विसंबायचं नाही.

काकांचा फोटो होता, काका नव्हते. फेटा मात्र ड्रेसदादांकडे परत जमा झाला होता. काकांच्याच उंचीचा, पांढरा सदरा घातलेला एक जण मागच्या गटातून काढला आणि त्याला फेटा बांधला. लांब लेन्सवरच्या क्लोजअपमध्ये मागचं सगळं धूसर होतं, लाल ठिपका सरकताना दिसला तरी पुरे. पण ही चौकट अरुंद, त्यामुळे सकाळच्या चालीने तो क्षणात पार झाला आणि वाक्य निम्मंच झालं होतं. त्याला चार पावलं मागून आणि सावकाश चालवलं, तेव्हा कुठे चौथ्या टेकला जुळलं. भावाच्या बाजूचा शॉट घेईपर्यंत ऊन उतरलं आणि तो दुसऱ्या दिवसावर गेला. चूक काकांची नव्हती. सकाळी कुणाला किती वाजता जायचंय हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून पहिला प्रश्न तोच असतो, आणि लवकर जाणाऱ्यांना मी अगदी मागच्या रांगेत ठेवतो, जिथे माणूस बदलला तरी कळत नाही.

तुमच्या गावात चित्रीकरण आलं आणि तुम्हाला गर्दीत उभं केलं, तर कंपनीचं नाव छापलेला शर्ट घालू नका. दुसऱ्या दिवशी बोलावलं तर कालचेच कपडे घालून या. आणि एसटी गाठायची असेल, तर ते सकाळीच सांगा.