पैसे ऑक्टोबरात, उत्पन्न महिन्यागणिक

एक मासिक आहे असं धरू. त्याची वार्षिक वर्गणी १,२०० रुपये. १ ऑक्टोबरला २०० नव्या वाचकांनी वर्गणी भरली आणि बँकेत २,४०,००० रुपये आले. त्यांना ऑक्टोबर ते सप्टेंबर असे बारा अंक मिळणार. पण मासिकाचं हिशेबी वर्ष ३१ मार्चलाच संपतं. मग यंदाचं उत्पन्न किती?

बँकेत आलं ते सगळं कमावलं, असं समजून बरेच छोटे प्रकाशक पूर्ण रक्कम उत्पन्नात लिहून मोकळे होतात. यंदाचा नफा फुगतो आणि पुढच्या वर्षी छपाई-टपालाचा खर्च तेवढा पदरी पडतो. खरं तर पैसे आले त्या दिवशी एकही अंक पाठवलेला नसतो, म्हणून ही रक्कम आधी देणं असते. किर्दीतली नोंद अशी होते: बँक खाते नावे २,४०,०००, आगाऊ वर्गणी खाते जमा २,४०,०००. हे दुसरं खातं ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसतं.

मग दरमहा थोडी थोडी रक्कम उत्पन्नात न्यायची. बारा अंक सारख्याच किमतीचे असते, तर महिन्याला २०,००० असा सरळ भाग पडला असता. पण मराठी मासिक म्हटलं की दिवाळी अंक आलाच. समजा साधा अंक सुटा १०० रुपयांना मिळतो आणि नोव्हेंबरचा दिवाळी अंक ४०० ला. सुट्या अंकांची बेरीज १,५०० होते, वर्गणी १,२००, म्हणजे प्रत्येक अंकाला सुट्या किमतीच्या ८० टक्केच मिळतात: साध्याला ८०, दिवाळी अंकाला ३२०. अंकांचं मोल असं कमी-जास्त असेल, तर वर्गणी त्या प्रमाणात वाटावी, असं भारतीय लेखा मानक ९ मध्ये नियतकालिकांसाठी सांगितलेलं आहे. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते.

तर साधा अंक रवाना झाला की आगाऊ वर्गणी खाते नावे १६,०००, वर्गणी उत्पन्न खाते जमा १६,०००. नोव्हेंबरात हीच नोंद ६४,००० ची. मार्चअखेर पाच साधे अंक आणि एक दिवाळी अंक मिळून १,४४,००० उत्पन्न होतं, ९६,००० देणं उरतं. सरसकट बारा भाग पाडले असते तर उत्पन्न १,२०,००० च दिसलं असतं.

मार्चचा अंक रखडून एप्रिलमध्ये गेला, तर मार्चची नोंद करायची नाही. कॅलेंडरचं पान उलटल्याने उत्पन्न होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दरमहा आपोआप पडणारी नोंद लावून ठेवली की नेमकी इथे चूक होते. ती पकडायला वर्गणीदारांची यादी काढायची, प्रत्येकाला अजून कोणते अंक द्यायचे आहेत ते मोजायचं आणि त्यांची किंमत लावायची. वरच्या उदाहरणात २०० वाचक, सहा अंक, ८० रुपये, म्हणजे ९६,०००. खतावणीत याहून जास्त शिल्लक दिसली तर एखाद्या महिन्याची नोंद राहिली आहे. कमी दिसली तर न पाठवलेल्या अंकाचे पैसे उत्पन्नात गेले आहेत.