मे महिन्याचा डोंगर, जुलैचं आभाळ

लोहगडावरून मे महिन्यात काढलेला विंचूकाट्याचा फोटो घ्या. करपलेलं गवत, कोरडं निळं आभाळ, खाली पवना धरणाचं ओसरलेलं पाणी. हाच फोटो, डोंगराची रेघ न हलवता, जुलैतला करायचा आहे. पहिला मोह होतो तो पिवळ्याचं हिरवं करण्याचा. फोटोशॉपमध्ये ते चुटकीसरशी होतं आणि फोटो लगेच खोटा दिसू लागतो, कारण प्रत्येक दगडाखाली मे महिन्याच्या उन्हाची कडक सावली तशीच पडलेली असते. भर पावसाळ्यात उजेड ढगांतून सगळीकडून सारखा झिरपतो. सावलीला धारच नसते. ऋतू बदलायचा तर आधी उजेड बदलावा लागतो, हिरवाई नंतर.

स्टेबल डिफ्यूजनसारखी एआय साधनं हे काम करतात, पण त्यांची एक अडचण आहे. ती मूळ फोटोवर दाणेदार गोंधळ पसरवतात आणि मग तो निवळत, लिहून दिलेल्या वर्णनाप्रमाणे चित्र नव्याने घडवतात. गोंधळ किती घालायचा ते `Denoising strength` या शून्य ते एकच्या पट्टीवर ठरतं. ०.३ ठेवलं तर डोंगर जागेवर राहतो, पण गवतही पिवळंच राहतं. ०.८ वर गेलं की सगळं हिरवंगार होतं, पण विंचूकाट्याच्या जागी भलताच सुळका उभा राहतो.

ही कोंडी फोडली कंट्रोलनेटने. स्टॅनफर्डमधल्या ल्वमिन झांग आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ते मांडलं. त्यात चित्राच्या घडणीचा वेगळा नकाशा मूळ फोटोतून काढून चित्र घडताना सोबत दिला जातो. हा नकाशा कोणता निवडायचा, इथेच बरेच जण फसतात. कडा टिपणारा `Canny` नकाशा जास्त काटेकोर वाटतो, म्हणून तोच घेतला जातो. पण त्याला दगडाची कड आणि सावलीची कड यांतला फरक कळत नाही. दुपारची प्रत्येक सावली तो रेघ म्हणून जपतो, आणि ढगाळ चित्रात त्या जागी विनाकारण भेगा उमटतात. `Depth` नकाशा फक्त जवळ काय आणि लांब काय एवढंच सांगतो. जवळचं पांढरं, लांबचं काळं. सावली त्यात सहसा उतरत नाही. पावसाळ्यासाठी तोच घ्यावा.

त्याआधी साध्या एडिटरमध्ये थोडी हातमेहनत करावी: सावल्या उजळायच्या, कॉन्ट्रास्ट उतरवायचा, आभाळ राखाडी करायचं. सुरुवातीच्या चित्राचा उजेड शेवटपर्यंत मागे खेचत असतो. मग ०.६५च्या आसपास सुरुवात करून असं काहीसं वर्णन द्यायचं:

```
monsoon hills, green grass on ledges, wet black basalt cliffs, overcast sky, low clouds
```

बेसॉल्टचा उल्लेख मुद्दाम आहे. तो नसेल तर कड्यांवरही हिरवळ चढते आणि सह्याद्रीचं विलायती कुरण होतं. आपल्याकडे गवत धरतं ते टप्प्यांवर आणि उतारांवर. उभा कातळ भिजून उलट जास्त काळा दिसतो.

डेप्थ नकाशाची उणीव लांबवर दिसते. दूरच्या रांगा आणि आभाळ त्याला जवळजवळ सारखेच काळे वाटतात, त्यामुळे क्षितिजरेषा सरकते. तपासायला जुना फोटो नव्यावर लेयर म्हणून ठेवावा आणि तो पटापट दाखवत-लपवत राहावं. उडी मारणारी रेघ लगेच डोळ्यात भरते. तेवढ्या पट्ट्यावर मास्क लावून मूळ रांग परत आणायची आणि तिला धुकट करायचं. माणसांचे लहान चेहरे, पाट्यांवरची अक्षरं हमखास बिघडतात. तीही अशीच मूळ फोटोतून परत आणून ढगाळ उजेडाला जुळवून घ्यायची. जवळचं निष्पर्ण झाड मात्र उलटा त्रास देतं. त्याच्या काटक्या नकाशात पक्क्या बसतात आणि हिरव्यागार माळावर ते वठल्यासारखं उभं राहतं. तिथे नकाशाची पकड सैल करून झाड वेगळं रंगवावं लागतं.

रात्र करणं त्यामानाने सोपं, कारण तिथे सावल्या कामाला येतात. पौर्णिमेच्या चांदण्यालाही धारदार सावली असते. जुन्या सिनेमात भर उन्हात, एक्स्पोजर कमी ठेवून, निळसर छटा देऊन रात्रीचे प्रसंग चित्रित करत आणि उजळ आभाळ शक्यतो चौकटीबाहेर ठेवत, ते याच आधारावर. म्हणून रात्रीसाठी कडांचा नकाशा चालतो. फक्त फोटो आधी हाताने काळोखा करून द्यावा, नाहीतर संध्याकाळच्या पुढे गाडी जात नाही.

राहिलं पवनेचं पाणी. मे महिन्यात काठाला मातीचा रुंद उघडा पट्टा असतो. धरण भरलं की तो बुडतो आणि काठाची रेघच वर सरकते. इथे चौकट तंतोतंत जपली तर ऋतू चुकतो. जुलैच्या सुरुवातीचा फोटो म्हणायचा असेल तर पट्टा ठेवून माती ओली करावी. ऑगस्टचा हवा असेल, तर तेवढी एक रेघ हलवावीच लागेल.